आटोक्याबाहेरचे गणपती

परदेशातल्या गिऱ्हाइकाचा माल वेळेत निघाला नाही, की त्याला एक मेल जातो. हा मेल आधी मराठीत सुचतो आणि मग त्याचं चांगल्या, इस्त्रीच्या इंग्रजीत रूपांतर होतं. बिघडतं ते इथेच, असा सर्वसाधारण समज आहे: आपलं इंग्रजी कच्चं, म्हणून गिऱ्हाइकाला काही कळत नाही. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. इंग्रजी पक्कं असतं, म्हणूनच कळत नाही. या मेलमध्ये भाषांतर होतच नाही. होते ती गाळणी, आणि ती भाषेच्या सोयीने न होता ज्याच्या त्याच्या सोयीने होते.

उदाहरण कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं घेऊ. फाउंड्री नमुन्यादाखलच आहे, पण तिच्यात घडणारं काहीही नमुन्यापुरतं नाही. जर्मनीतल्या एका नव्या गिऱ्हाइकाला पंपाच्या बिडाच्या बॉड्या पाठवायच्या आहेत. २४०० जॉब, प्रत्येकी आठ किलो, म्हणजे साधारण एकोणीस टन, वीस फुटी कंटेनरात बसेल एवढा माल. २०२५ सालचे गणपती २७ ऑगस्टला बसले आणि २ सप्टेंबरला गौरीविसर्जन झालं, तो हिशोब धरू. माल न्हावा शेव्याहून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या बोटीने निघायचा होता, तो निघाला नाही. मालकाने मोबाइलवर बोलून ऑफिसला निरोप धाडला. तोच या मेलचा मराठी मसुदा:

“नमस्कार साहेब. तुमचा माल पाच तारखेला निघायचा हुता, निघाला न्हाई. चोवीसशे जॉबपैकी मशिनिंगला तीनशे दहा ब्लोहोलनं गेले. पावसात वाळूला ओल धरली, कोअर नीट वाळलं न्हाईत, हे आमचंच चुकलं. परत वतायचं म्हटलं तर गौरी-गणपतीला पोरं गावाकडं गेली ती तीन तारखेला आली. हाय तेवढा दोन हजार नव्वद माल भरला, तर पॅलेटवर शिक्काच नव्हता, पॅलेट बदलण्यात एक रात्र गेली. गाडी बंदरात पोचली तवा गेट बंद झालं हुतं. आता तेराच्या बोटीत बुकिंग झालंय. एलसीची तारीख धाची हाय, ती वीसपातुर वाढवून द्या. राहिलेले तीनशे दहा पुढच्या कंटेनरला घालतो. पॅलेटवाला आमच्या मेव्हण्याचा मैतर हाय म्हणून इतकी वर्षं चालवून घेतलं, आता बंद. राग मानू नका.”

तीन तासांनी याचं जे इंग्रजी झालं, ते देवनागरीत असं: “डिअर सर, ग्रीटिंग्ज ऑफ द डे! वी होप धिस मेल फाइंड्स यू इन गुड हेल्थ. वी सिन्सिअरली रिग्रेट टू इन्फॉर्म यू दॅट ड्यू टू सर्टन अनफोरसीन सरकमस्टन्सेस बियाँड अवर कंट्रोल, देअर हॅज बीन अ स्लाइट डिले इन द सब्जेक्ट शिपमेंट. अवर टीम इज वर्किंग राउंड द क्लॉक टू डिस्पॅच द सेम ॲट द अर्लिएस्ट. वी डीपली रिग्रेट द इन्कन्व्हीनियन्स कॉज्ड अँड सॉलिसिट युअर काइंड को-ऑपरेशन.”

व्याकरणाची एकही चूक नाही. मराठी मसुद्यात आठ-नऊ आकडे होते, इंग्रजीत एकही उरलेला नाही. मराठीत एक विनंती होती, तिची जागा ‘काइंड को-ऑपरेशन’ने घेतली आहे, आणि ते कशात करायचं हे जर्मन माणसाने आपल्या बुद्धीने ओळखायचं आहे. दिलगिरी मात्र मूळ एक होती, तिच्या दोन झाल्या. मजकुराच्या हिशोबात एवढीच काय ती वाढ.

आता हे तीन तास कुठे गेले ते पाहू, कारण सगळा पुरावा तिथेच आहे. निरोप आधी ऑफिसातल्या मॅडमनी टाइप केला. मेव्हण्याचा मित्र त्यांनी काढला, ते योग्यच केलं. मग तो क्वालिटीच्या साहेबांकडे गेला. ब्लोहोल ही चीज अशी, की ती बिडाच्या पोटात असते. वाळूत किंवा कोअरमध्ये ओल राहिली, की तापलेला रस ओतताना तिची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती आतच अडकते. वरून जॉब चकचकीत दिसतो. तो मशीनवर चढतो, वरचा थर निघतो, आणि मग भोक तोंड वर काढतं. म्हणून उशीर कळतोही उशिरा. जुलै-ऑगस्टच्या कोल्हापुरी पावसात कोअर नीट भाजून कोरडे ठेवायची जबाबदारी क्वालिटीचीही असते. साहेबांनी ते वाक्य वाचलं आणि म्हणाले, “पार्टीला एवढं टेक्निकल कशाला सांगायचं? ‘प्रॉडक्शन इश्यूज’ लिहा.” पुढच्या हातात ‘इश्यूज’चंही ‘सरकमस्टन्सेस’ झालं.

पुढचा हात डिस्पॅचवाल्याचा. लाकडी पॅलेटवरून माल परदेशी जातो, तेव्हा लाकडातून कीड जाऊ नये म्हणून ‘आयएसपीएम-१५’ नावाचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग तीस मिनिटं तापवायचं आणि त्यावर कणसाच्या चिन्हाचा, देशाच्या खुणेचा आणि प्रक्रिया करणाऱ्याच्या नंबराचा शिक्का मारायचा. शिक्का नसेल तर पलीकडच्या बंदरात माल अडतो, कधी परतही येतो. म्हणजे रात्र घालवून पॅलेट बदलले हे शहाणपणच झालं, आणि गिऱ्हाइकाला कळलं असतं तर त्याने कौतुकच केलं असतं. पण पॅलेट आले त्या दिवशी ते मोजून घेताना शिक्का बघणं हे डिस्पॅचवाल्याचं काम होतं. त्याने वाक्य खोडलं. मग फोनवर क्लिअरिंग एजंटाला वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, “कट-ऑफचं नका घालू, उगाच आमच्यावर येतं.” अकाउंट्सने एलसीचं वाक्य अडवलं: “ते बँकेचं आहे, वेगळा मेल करू.” तो वेगळा मेल दोन दिवस ‘करू’मध्येच राहिला. शेवटी मालकांचे चिरंजीव. त्यांनी एकच शब्द काढला, तेरा. “पप्पा, लेखी तारीख द्यायची नसते. कमिट झाल्यासारखं होतं.”

प्रत्येकाने मजकुरातून आपापली चूक उचलून घेतली. सगळ्यांच्या चुका उचलल्यावर खाली जे राहिलं ते कोणाचंच नव्हतं. जे कोणाचंच नाही ते साहजिकच ‘बियाँड अवर कंट्रोल’. या अर्थाने तो वाक्प्रचार अगदी खरा आहे. इस्त्रीचं इंग्रजी हवंहवंसं वाटतं ते याचसाठी. त्यात कर्ता नसला तरी वाक्य उभं राहतं, आणि उभं राहून वर कोट-टाय घातल्यासारखं दिसतं. मराठीही यात कमी नाही. ‘राहून गेलं’, ‘लक्षातून निसटलं’ अशी बिनकर्त्याची क्रियापदं आपल्याकडे भरपूर आहेत. पण मराठीत मालक स्वतः बोलत होता आणि मालकाला वरचा साहेब नसतो, म्हणून त्याच्या तोंडून “आमचंच चुकलं” निघून गेलं.

यावर पहिला आक्षेप असा: गिऱ्हाइकाला कारणांशी काय घेणं? बरोबर आहे, कारणांशी फारसं नाहीच. पण मजा अशी, की मेलमध्ये कारणाचीच सावली तेवढी शिल्लक आहे आणि त्याला जे हवं ते गेलं आहे. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: किती जॉब, कोणती बोट, आणि मला काय करायचंय. समजा त्याच्या कारखान्यात आठवड्याला पाचशे बॉड्या लागतात. २०९० जॉब म्हणजे चार आठवड्यांची बेगमी. तीनशे दहा मागाहून आले तरी त्याचं काहीही अडत नाही. माल एक आठवडा उशिरा पोचला, तर गोदामातल्या शिलकीवर तो आठवडा निघतो की नाही, एवढाच प्रश्न. हे आकडे हातात असते तर तो पाच मिनिटांत म्हणाला असता, “ठीक आहे.” आकडे नाहीत, म्हणून तो सगळ्यात वाईट शक्यता धरतो: सगळेच्या सगळे २४०० अडकले, कधी येतील सांगता येत नाही. मग तो विमानाने थोडे पाठवा म्हणतो. दीडशे बॉड्या म्हणजे बाराशे किलो बीड. बीड हा काही विमानाने पाठवायचा जिन्नस नाही. ते भाडं भरताना मालकाला या ऑर्डरीतला नफा खिडकीतून ढगात जाताना दिसेल.

‘स्लाइट डिले’ हाही असाच एक निरर्थक शब्दप्रयोग, आणि इथे गिऱ्हाइक आपल्यापेक्षा शहाणं असतं. बंदरात उशीर तासांत मोजला जात नाही. युरोपच्या बोटींच्या सेवा साधारण आठवड्याला एक अशा असतात. बोट सुटायच्या आधी कंटेनर आत घ्यायचं गेट ठरलेल्या वेळेला बंद होतं. तिथे तुम्ही पाच तास आधी पोचलात काय आणि पाच दिवस आधी, फरक पडत नाही. पण पाच तास उशिरा पोचलात, की कंटेनर पुढच्या बोटीवर ढकलला जातो आणि पाच तासांचे सात दिवस होतात. वाटेत दुसऱ्या बंदरात बोट बदलायची असेल, तर तिथली जोडबोट चुकून आणखी आठवडा जाऊ शकतो. ‘स्लाइट’ असा उशीरच समुद्रात होत नाही, आणि वर्षाला पन्नास कंटेनर मागवणाऱ्या माणसाला हे पाठ असतं. म्हणून त्या शब्दाने त्याला धीर येत नाही. समोरच्याला धंदा कळत नाही किंवा तो लपवतोय, एवढंच त्याला समजतं.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. “गोऱ्याला गणपती काय सांगायचे? हसेल तो.” खरंच हसेल, पण वेगळ्या कारणाने. ‘अनफोरसीन’ म्हणजे आधी न दिसलेलं. गणपती कालनिर्णयात छापलेले असतात, आदल्या वर्षीच्या डिसेंबरातच घराघरात टांगलेले असतात. कोल्हापूर-सांगलीच्या गावांतली पोरं गौरीच्या जेवणाला घरी जाणार हे फाउंड्रीच्या भट्टीलासुद्धा माहीत असतं. जिथे हे पाठवायचं, त्या युरोपात ऑगस्टमध्ये अनेक कारखाने सुट्टीवर जातात आणि महिनोन् महिने आधी कळवतात: अमुक ते अमुक तारखेला आम्ही बंद, माल पाठवू नका. चिनी कारखाने तर नववर्षाला दोन-तीन आठवडे ओस पडतात, आणि सगळं जग त्यांच्या तिथीप्रमाणे आपल्या ऑर्डरी पुढेमागे करतं. चिनी नववर्षाला आजवर कोणी ‘अनपेक्षित परिस्थिती’ म्हटलेलं नाही. जूनमध्येच एक ओळ लिहिली असती, की २६ ऑगस्ट ते २ सप्टेंबर आमच्याकडे सण आहे, ओतकाम बंद राहील, तर हेच गणपती उशिराचं कारण न राहता वेळापत्रकाचा भाग झाले असते. आपण वर्षभर गप्प राहतो आणि सप्टेंबरात गणपतीला आटोक्याबाहेर ढकलतो.

खरी आटोक्याबाहेरची परिस्थिती याच शिरोलीने पाहिलेली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आलं आणि रस्ता दिवसच्या दिवस बंद राहिला. तेव्हा मालाने भरलेली गाडी फाटकात उभी करण्यापलीकडे कुणाच्या हातात काहीच नव्हतं. पण त्या वेळी कोणता शब्द वापरणार? तोच. दमट कोअरला जो शब्द, तोच महापुराला. २३ मार्च २०२१ ला ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं आणि २९ तारखेला सुटलं. जहाज सहा दिवसांत मोकळं झालं, पण निमित्त म्हणून ते अनेक कारखान्यांच्या मेलमध्ये पुढे बराच काळ अडकून पडलं होतं. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या आणि प्रवास साधारण दहा-पंधरा दिवसांनी लांबला. हे कारण खरंखुरं आहे. पण ते बोट सुटल्यानंतरचं आहे. फाउंड्रीतच बसलेल्या मालाला तांबडा समुद्र कसा नडला, हे एकदा नकाशा घेऊन कोणीतरी समजावून सांगायला हवं.

तिसरा आक्षेप वजनदार आहे, आणि चिरंजीवांच्या तोंडी त्याचंच एक रूप होतं: चूक लेखी कबूल केली की दावा लागतो. मालक आणि वकील दोघांनाही ही भीती असते, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. मालाच्या दर्जाबद्दल तंटा उभा राहणार असेल, तर शब्द जपून वापरायलाच हवेत. पण उशिराचा दंड करारात असेल, तर तो तारखेवरून लागतो. तुम्ही किती नम्रपणे गप्प बसलात यावरून तो कमी होत नाही. माल बोटीवर कधी चढला ती तारीख बिल ऑफ लेडिंगवर छापलेली असते. कंटेनरचा नंबर शिपिंग लाइनच्या वेबसाइटवर टाकला, की तो कधी गेटातून आत गेला आणि कोणत्या बोटीवर चढला हे जर्मनीत बसून दिसतं. आपण जे झाकतोय ते तो कॉफी पिता पिता बघू शकतो. उलट ‘बियाँड अवर कंट्रोल’ची सूट मागायची असेल, तर नेमकी काय आपत्ती, कधीपासून आणि परिणाम काय, हे विनाविलंब कळवावं लागतं. मोघम लिहिलं की खऱ्या पुराचीही सूट हातची जाऊ शकते. तारीख न देण्याचं तर काही समर्थनच नाही. “१३ तारखेच्या बोटीत बुकिंग आहे” ही वस्तुस्थिती आहे, वचन नव्हे. बोट चुकली तर पुन्हा कळवता येतं.

आता एलसीचं वाक्य, जे या सगळ्यात महत्त्वाचं होतं. जुन्या गिऱ्हाइकाशी उधारीवर चालतं, पण हे गिऱ्हाईक नवं, म्हणून पैसे बँकेच्या पतपत्रावर. त्यात माल बोटीवर चढण्याची शेवटची तारीख लिहिलेली असते. इथे ती १० सप्टेंबर. बोट तेराची. तीन दिवसांचा हा फरक बँकेच्या काउंटरवर गेला, की कागदांत खोट निघते आणि बँकेची हमी लटकी पडते. मग पैसे मिळणं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर, आणि ज्याची मर्जी चालते त्याला सवलत मागायची बुद्धी होतेच. यातून सुटका एकच: गिऱ्हाइकाने आपल्या बँकेला सांगून तारीख वाढवून द्यायची. म्हणजे हा मेल दिलगिरीचा नव्हताच मुळी. तो मागणीचा होता. दिलगिरी हे त्याचं नुसतं वेष्टन होतं. आणि आपण वेष्टन पाठवून मागणी ऑफिसातच ठेवून घेतली.

मराठी मसुदा जसाच्या तसा पाठवा, असं माझं म्हणणं नाही. त्यातला पॅलेटवाला, मेव्हणा आणि राग मानू नका, हे सगळं काढायलाच हवं. कोअरच्या ओलीबद्दल एक वाक्य पुरे, आणि पुढच्या वेळी काय बदलणार याचं दुसरं. इंग्रजी सभ्य असावं, याबद्दलही वाद नाही. सभ्यपणाला एक ‘सॉरी’ पुरतं. गाळायला हरकत नव्हती, फक्त आपण चाळणी उलटी धरली: गोटे खाली सोडले आणि पीठ फेकून दिलं.

मेल पाठवण्याच्या वेळेतही एक शास्त्र असतं. शुक्रवार, ५ सप्टेंबर, संध्याकाळी आठ. जर्मनीत तेव्हा साडेचार वाजलेले असतात आणि शुक्रवारी साडेचारला तिकडचं ऑफिस रिकामं असतं. म्हणजे बोलणी सोमवारी बसतील, शनिवार-रविवार आपला. तेच दोन दिवस एलसीची तारीख वाढवायला हवे होते, हा हिशोब शुक्रवारी रात्री कोणी करत नाही. सोमवारी दुपारी बाराच्या सुमारास उत्तर आलं. त्यात ‘गुड हेल्थ’चा उल्लेख नव्हता, दोन दिलगिऱ्यांची पोच नव्हती. चारच शब्द: “न्यू डेट? हाउ मेनी?”

मॅडम जेवायला गेल्या होत्या, चिरंजीव पुण्याला. मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मोबाइलवर एका बोटाने स्वतःच टाइप केलं: “सॉरी सर. २०९० पीसेस, १३ सप्टेंबर शिप. बॅलन्स ३१० नेक्स्ट कंटेनर. एलसी डेट प्लीज २०.” क्रियापद एकही नाही. ते कुणाला दाखवायला ऑफिसात कोणी नव्हतंच. दहा मिनिटांत उत्तर आलं, की आजच बँकेला कळवतो, आणि कंटेनरचा नंबर तेवढा पाठवा.